नारळ, नातू आणि गोडंबी

नातवाला काजू-पिस्ता चालत नाही हे कळल्यापासून आमच्या घरात नारळाला जो भाव आला, तो पोहरादेवीच्या यात्रेतही येत नसेल. सूनबाईने अमेरिकेहून फोनवर विचारलं, "बाबा, वाशीमहून नारळाची बर्फी आणताय, ती त्याला देऊ ना?" तिला हो किंवा नाही एवढंच हवं होतं. पण निवृत्त विज्ञानशिक्षकाला कोणी काही विचारतं तरी कधी?

"नारळ हे फळ," मी सुरू झालो. "आंबा, बोर यांच्यासारखं आठळीचं. आंब्याचा गर असतो त्या जागी इथे काथ्या. करवंटी म्हणजे कोयीचं कवच आणि त्याच्या आत असतं ते बी. खोबरं आणि पाणी ही कोंबाची शिदोरी. तीन डोळ्यांपैकी मऊ डोळ्याखाली..."

"बाबा, देऊ की नको?"

तिची भीती उगाच नव्हती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नारळाला बरीच वर्षं काजू-बदामांच्या पंगतीला बसवलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये उठवलं. युरोपच्या ॲलर्जीच्या यादीत तो नव्हताच. नारळ ताडाच्या कुळातला. काजू न सोसणाऱ्या बहुतेकांना खोबरं सोसतं. खुद्द नारळाचीच ॲलर्जी असलेली माणसंही असतात, पण थोडी.

"तो खोबरं खातो का?" मी विचारलं.

"रोज इडलीबरोबर चटणी खातो."

हे आधी कळलं असतं तर अख्खं व्याख्यान वाया गेलं असतं. आता राहिला प्रश्न बर्फीचा. दुकानात तिच्यात काजूची पूड पडते, आणि काजूकतली कापलेली सुरीच तिच्यावरून फिरते. म्हणून ती घरीच करायची ठरली.

खरी भानगड पिशवीतल्या गोडंबीच्या लाडवांची होती. गोडंबी म्हणजे बिब्ब्याचं बी, आणि बिब्बा काजूच्याच कुळातला. अमेरिकेच्या यादीत गोडंबीचं नाव नाही, पण काजू न सोसणाऱ्या पोरावर तिचा प्रयोग कोण करणार? शिवाय बिब्ब्याच्या टरफलातलं काळं तेल कातडी जाळतं. त्याचा त्रास निराळा, बियांतल्या प्रथिनांची ॲलर्जी निराळी. आमच्याकडच्या बाया दगडावर बिबे फोडून गोडंबी काढतात. हाताला राख-तेल चोळतात, तरी बोटं काळी पडतात, कातडी सोलते, चेहऱ्यावर फोड येतात. नातवाच्या बिस्किटाच्या पुड्यावर इशारा छापायला कायदा आहे. बिब्ब्याच्या पोत्यावर काय छापलेलं असतं? लाडू वळताना मीही कधी विचारलं नव्हतं, आणि भाव मात्र घासाघीस करून पाडला होता.

पिशवीतून लाडू बाहेर निघाले. काजूचं कूळ, बिब्ब्याचं कूळ असं मी बायकोला समजावत होतो. ती ऐकत होती, असं मला वाटलं. डबा पाहिला तर अर्धा संपला होता.