मनीने लाडू खाल्ला

आमच्या वरच्या मजल्यावर एका बँकेचे मॅनेजर भाड्याने राहतात. मूळचे केरळचे, वय बावन्न, मिशी भारदस्त. वर्ध्याला बदली झाली आणि पहिल्याच आठवड्यात ते ‘मराठी शिकवा’ म्हणत माझ्याकडे आले. मी आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवलेला माणूस. लगेच कर्तरी, कर्मणी, भावे असा फळा भरला. साहेबांनी तीन संध्याकाळी नम्रपणे जांभया दाबल्या. चौथ्या दिवशी पाहतो तर ते झोपाळ्यावर माझ्या सहा वर्षांच्या नातीशेजारी बसलेले, मांडीवर तिचं मांजराच्या चित्रांचं पुस्तक.

“सर, इकडे बरं पडते,” ते म्हणाले. विनोबा वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेकडच्या चार भाषा शिकले, हे मी त्यांना ऐकवलं. त्यावर साहेब म्हणाले, “विनोबांना मार्चएंड नव्हता.”

नातीची शाळा कडक. आधी मजकुरावर हात ठेवायचा आणि चित्रात दिसेल ते बोलायचं. मग ती वाचणार, साहेब मागून म्हणणार. अर्थ विचारायला बंदी, बोट चित्रावर ठेवायचं. एक पुस्तक चार रात्री. पानावर तीनपेक्षा जास्त अनोळखी शब्द निघाले, तर पुस्तक परत कपाटात. हा शेवटचा नियम तिने स्वतःसाठी केला होता, पण मॅनेजरलाही चालला.

देवनागरी त्यांना हिंदीमुळे येत होती आणि ‘ळ’ तर ते घरूनच घेऊन आले होते. अडायचं ते लिंगापाशी. मल्याळममध्ये क्रियापद बाईसाठी वेगळं, पुरुषासाठी वेगळं होत नाही, त्यामुळे साहेबांकडे सगळेच ‘आला’. बाई आला, बस आला, पाऊस आला. त्यातला पाऊस तेवढा बरोबर. पुस्तकात मनीने आधी लाडू खाल्ला, पान उलटलं की पोळी खाल्ली, मग केळं खाल्लं. तिसऱ्या रात्री साहेब ओरडले, “सर! खाते मांजर, पण क्रियापद पदार्थाच्या मागे जाते!” ज्याला मी कर्मणी प्रयोग म्हणत होतो, तो हाच. मुलांना समजावायला मला एक सहामाही लागायची.

‘उंदरा’ हा शब्द मात्र त्यांनी शब्दकोशात पंधरा मिनिटं शोधला. पुस्तकात ‘उंदराला’ होतं, ‘ला’ काढला तर ‘उंदरा’ उरला, आणि तसा शब्द कोशात कुठे असणार! प्रत्यय लागला की उंदीर असा बदलतो, पाण्याचं ‘पाण्यात’ होतं, बीळ असतं पण उंदीर ‘बिळात’ शिरतो. नातीने कोश मिटला आणि चित्रातल्या शेपटीवर बोट ठेवलं.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. यमकाच्या पुस्तकांनी घात केला. यमक जुळवायला कवी क्रियापद पुढे ओढतो, साहेब ते इमानाने पाठ करून शिपायाला म्हणाले, “जातो मी घरी, ठेवतो मी दोरी.” राजा-प्रधानाच्या गोष्टींतून ‘दवंडी’ आणि ‘सिंहासन’ आलं, बँकेत दोन्हींचा उपयोग नाही. सगळ्यात मोठा घोटाळा ‘तू’चा. गोष्टीत हत्ती मुंगीला ‘तू’ म्हणतो आणि मुंगी हत्तीला. सत्तरीचे एक सरपंच केबिनमध्ये आले, तर साहेब प्रेमाने म्हणाले, “ये, बस. तुला काय हवं?” सरपंच बसले. बाहेर येऊन शिपायाला हळूच म्हणाले, “साहेब माह्या नात्यातले व्हय का?”

नातीने उपाय काढला. तेच पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा, पण सगळ्यांना अहो-जाहो. “मनीताई, तुम्ही लाडू खाल्लात का?” “बसा ना हत्तीकाका.” आठ दिवस आमच्या अंगणात प्राण्यांची सोयरीक ठरत असल्यासारखं वाटत होतं. मग मी प्राण्यांवरून त्यांना माणसांवर आणलं, माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ दिलं. त्यात घरात खरोखर बोलतात तसं मराठी आहे. मोठ्यांनी वाचताना कमीपणा वाटू नये असं ते पुस्तक. साहेबांनी स्वतःची प्रत मागवली.

परवा पासबुक भरायला बँकेत गेलो होतो. सेलूकडचे एक शेतकरी पीककर्जासाठी समोर बसले होते. साहेबांना सातबारा हवा होता. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि मांजर शोधण्याच्या पुस्तकातल्या चालीवर सुरू केलं, “काका, सातबारा कुठे आहे? पिशवीत आहे का? खिशात आहे का? टेबलाखाली आहे का?” शेतकऱ्याने खरंच वाकून टेबलाखाली पाहिलं.

“नाई जी. तो त घरीच राहून गेला.”

संध्याकाळी साहेब झोपाळ्यावर अस्वस्थ. “सर, राहिला की गेला? दोन्ही कसे?”

मी संयुक्त क्रियापदासाठी घसा खाकरला, तोच नात म्हणाली, “काका, ते पुढच्या पुस्तकात येतं.”