सोसायटीत वाचनालय काढण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रथम, 'पुस्तके दान करा' अशी नोटीस लावू नये. आम्ही लावली आणि रविवारी अख्ख्या इमारतीचे माळे रिकामे झाले. 'मृत्युंजय'च्या सहा प्रती, बारावीची गाइडं आणि एक टेलिफोन डिरेक्टरी. नोटिशीत आणखी एक ओळ हवी होती : 'नको असलेली पुस्तके आम्ही न विचारता रद्दीत घालू.' ही ओळ आधीच लिहावी. नंतर सांगितलं की लोक लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

आलेली पुस्तके पंधरा दिवस कपाटापासून लांब ठेवून, पानं झटकून पाहावीत. एका पुस्तकातली कसर बाकीच्यांचाही फडशा पाडते. कडक उन्हात मात्र घालू नयेत, बांधणी उकलते.

मग दाखल नोंदवही. क्रमांक पुस्तकाला नव्हे, प्रतीला द्यायचा. सहा 'मृत्युंजय' तर सहा क्रमांक. प्रत हरवली तर शेऱ्यात 'गहाळ' लिहावे, पण तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देऊ नये. क्रमांक पहिल्या पानावर घालावा आणि आतल्या एका ठरलेल्या पानावरही. आमचं पान २१. पहिलं पान फाटतं, कधी कधी फाडलंही जातं. २१ व्या पानाचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

देवघेवीसाठी वही ठेवू नये, हे ठळक अक्षरांत वाचावे. आम्ही ठेवली होती. '२१४ नंबर कोणाकडे आहे?' असं कोणी विचारलं की मी मागची चाळीस पानं उलटत बसायचो. आता प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक खिसा चिकटवलाय, त्यात त्याच क्रमांकाचं कार्ड. पुस्तक गेलं की कार्डावर फ्लॅट नंबर आणि परतीची तारीख लिहायची आणि कार्ड बुटाच्या खोक्यात तारखेच्या क्रमाने उभं करायचं. मुदत संपलेली कार्डं आपोआप सर्वांत पुढे येतात. दंड घेऊ नये. पाच रुपयांसाठी माणूस पुस्तकच परत करत नाही. आधीचं आणल्याशिवाय पुढचं नाही, एवढं पुरतं.

पुस्तकात काही लिहू नये, हा शेवटचा नियम. तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकांसाठी आहे. खोक्यात सर्वांत पुढचं कार्ड कायम त्यांचं. पुस्तक परत येतं तेव्हा समासात पेन्सिलीने 'साफ खोटे', 'ऱ्हस्व हवा', 'हे आमच्या गावी घडले होते' वगैरे. नियम मी दोनदा त्यांना वाचून दाखवला. त्यांनी त्यातलं शुद्धलेखन सुधारून दिलं.

परवा पाचवीतली एक मुलगी पुस्तक चाळून म्हणाली, "हे नको, काकांनी वाचलेलं द्या."

ती टिपणं पुसायला मी खोडरबर आणलाय. त्याचा कागद अजून काढलेला नाही.