तलफ उतरवण्याची कार्यपद्धती

तंबाखू सोडलेल्या माणसाला घरी तलफ ठरल्या वेळी येते: चहानंतर, जेवणानंतर, रात्री बातम्या लागल्या की. वेळ माहीत असल्याने आधीच उठून बाहेर पडता येते. प्रवास, लग्न आणि सण यांत हे वेळापत्रक कोलमडते, म्हणून देहूरोडच्या रहिवाशाने पुढील नियम पाळावेत.

१. प्रवास. तलफेची एक लाट साधारण 3 ते 5 मिनिटे टिकते आणि दाद न दिल्यास ओसरते. ती मोजायला लोणावळा लोकल पुरते. देहूरोडला चढलेली तलफ बेगडेवाडीला, फार तर घोरावाडीला उतरते. नागपूरच्या गाडीत स्टेशने लांब, म्हणून मनगटावरचे घड्याळ पाहावे आणि डब्याचे एक टोक गाठून परत यावे. दारात उभे राहू नये, मळणारे तिथेच भेटतात.

निकोटीनचा च्युइंगगम घेतला असल्यास तो झणझणीत लागेपर्यंत सावकाश चावावा, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवावा. चव गेली की पुन्हा चावावा. असे अर्धा तास. आधीच्या 15 मिनिटांत आणि गम तोंडात असताना चहा पिऊ नये, नाहीतर निकोटीन नीट शोषले जात नाही. चहावाला डब्यातून सतत फिरत असल्याने हे कलम सर्वांत कठीण मानले जाते.

२. लग्न. इथे धोका मामापासून. तो एकट्यापुरते मळत नाही, तळहात पुढे करून म्हणतो, "घे रे, लग्न काय रोज असतं?" "सोडली" म्हटल्यास मंडपात परिसंवाद भरतो. "दाढ दुखते" म्हटल्यास तंबाखू हाच उपाय म्हणून सुचवला जातो. म्हणून तोंडात आधीच लवंग किंवा बडीशेप असावी. सुपारी नको, ती स्वतःच कर्करोगकारक आहे.

तारीखही महत्त्वाची. पहिले 2-3 दिवस सर्वांत जड जातात, नंतर काही आठवड्यांत त्रास ओसरतो. लग्न 25 तारखेला असल्यास महिन्याच्या आरंभीच सोडावी. 23 ला सोडणारा हळदीत सगळ्यांवर खेकसतो, आणि शेवटी घरचेच पुडी आणून देतात.

३. सण. तुकोबांची पालखी देहूहून आकुर्डीला जाताना देहूरोडवरून जाते, गणपतीत मंडळात जागरण असते. झोप मोडली की तलफ बळावते. पत्त्यांचा डाव आणि चुन्याची डबी एकाच सतरंजीवर असतात. म्हणून आरती होताच घरी जावे, किंवा दोन्ही हात गुंतवणारे काम, उदाहरणार्थ प्रसादवाटप, अंगावर घ्यावे.

४. चूक झाल्यास. एक चिमूट गेली म्हणजे एक चिमूटच गेली. उरलेली पुडी संपवण्याचे बंधन कोणत्याही शास्त्रात नाही. ती फेकावी आणि 1800 11 2356 या निःशुल्क राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. मामाचा सल्ला घेऊ नये.