नाव सोनूबाई, पत्ता पाण्याच्या टाकीमागे

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीची सभा. चेअरमन उभे राहिले, माईक ठोकला.

"मंडळी, आपल्या बिल्डिंगचं नाव एकच आहे. कमानीवरचं नाही. ते बिल्डरनं आपल्या मातोश्रींच्या प्रेमापोटी लावलंय. लाईट बिलावरचंही नाही. खरं नाव निबंधकाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर आहे, शेवटी 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' जोडलेलं. 'मर्यादित' गाळायचं नाही!"

पहिल्या मजल्यावरचे काका पुटपुटले, "मर्यादा पाण्याला आहेच, नावालाही हवी."

गेल्या महिन्यात एका सभासदाचं कर्ज अडलं, तेव्हा हे भाषण सुचलं. करारात बिल्डरचं नाव, ना-हरकत दाखल्यावर संस्थेचं. बँकेला वाटलं, फ्लॅट दोन आहेत. शेवटी 'दोन्ही इमारती एकच' असं लेटरहेडवर लिहून, शिक्का मारून द्यावं लागलं.

"सहकार कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे संस्थेचा पत्ता नोंदलेला असतो. बदलला तर तीस दिवसांत कळवायचा. नाव बदलायचं तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि निबंधकाची मंजुरी. रंगारी बोलावून भागत नाही. आणि हो, 'टाकीच्या मागे' हे आधारवर लिहू नका. टाकी पाडली तर?"

टाळ्या पडल्या. मग त्यांनी चिवडा मागवायला फोन लावला, "हॅलो, कुठं म्हणजे? अहो, टाकीच्या मागे!"