ज्येष्ठ वद्य पंचमीचे उत्सवमूर्ती

आमच्या आजोबांना वाढदिवस दोन. पहिला १ जूनचा, शाळेच्या दाखल्यावरचा. त्या काळी पोराला शाळेत नेऊन बसवलं की जन्मतारखेच्या रकान्यात गुरुजी बेलाशक १ जून लिहून मोकळे होत. त्यामुळे आजोबांच्या पिढीतला अर्धा गाव एकाच दिवशी जन्मलेला आहे. त्या दिवशी शुभेच्छा देते ती फक्त बँक. खरा वाढदिवस ज्येष्ठ वद्य पंचमीचा, आणि तो दरवर्षी जागा बदलतो. २०२५ मध्ये तो जूनच्या मध्यावर आला. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक, वाढदिवस धरायचा निज महिन्यात, म्हणून स्वारी थेट जुलैत गेली.

आम्ही नातवंडं पुण्यात, आजोबा मिरजेत, हातात बटणांचा फोन. पंचमीला पहाटेपासून घरच्या ग्रुपवर केक, फुगे आणि हलत्या समयांचा पाऊस पडतो. उत्सवमूर्ती ग्रुपवर नाहीतच. सगळ्यांचे आभार काका मानतात, तेही नागपूरहून.

एकदा आतेभावाने हौसेने मराठीत एसएमएस धाडला. देवनागरीत एका एसएमएसात जेमतेम ७० अक्षरं मावतात, आणि जुन्या फोनला ही लिपी येत नसेल तर पडद्यावर नुसते चौकोन उमटतात. आजोबांनी ते भिंग लावून पाहिले आणि आजीला म्हणाले, "कुणीतरी प्लॉटचा नकाशा पाठवलाय."

उरला फोन. त्यालाही मुहूर्त लागतो. सकाळी पूजा, दुपारी झोप, संध्याकाळी बातम्या. मोकळा वेळ काय तो पूजा आणि जेवण यांच्या मधला. पहिला फोन हमखास कटतो, कारण झोपाळ्यावरून उठून फडताळापर्यंत जाण्याच्या गडबडीत लाल बटण दाबलं जातं. दुसरा लागतो.

"आजोबा, वाढदिवसाच्या..."

"कोण? मोठ्यानं बोल!"

"नमस्कार करते!"

"औक्षवंत हो. पाऊस आहे का तिकडे? बरं, ठेवतो. उगाच बिल वाढतंय."

रिचार्ज महिन्याचं एकदम भरलंय, हे त्यांना पटत नाही. तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने ट्रंक कॉलचे पैसे मोजलेला माणूस तो.

खरं काम करतं ते ५० पैशांचं पोस्टकार्ड. जाड पेनाने, ठसठशीत अक्षरात, आठ-दहा ओळी. पोस्टमन ते आधी स्वतः वाचतो आणि दारातूनच शुभेच्छा देतो, म्हणजे एका कार्डात दोघांचं काम. मग आजोबा ते आजीला वाचून दाखवतात, दूधवाल्याला दाखवतात आणि शेवटी भिंतीवरच्या तारेत अडकवतात. पुढे कुणी आलं की कार्ड खाली उतरतं. फोन असा परत काढून दाखवता येत नाही.

तेव्हा तुमचेही आजी-आजोबा परगावी असतील, तर आधी त्यांची तिथी विचारून घ्या. कार्ड आठवडाभर आधी पेटीत टाका. ते पोचलं असेल असं गृहीत धरून त्या दिवशी जेवणाआधी फोन करा, आणि पहिला कटला तर रुसून बसू नका. दुसरा लावा.