डासांचा उल्लेख ठेवावा का?

ब्रॉडबँड कंपनीच्या मदत केंद्रात फोन घेणं हा कामाचा सोपा भाग. खरा पेपर सुरू होतो फोन ठेवल्यावर. ग्राहकाने सांगितलेलं सगळं दोन-तीन मिनिटांत तीन रकान्यांत बसवायचं असतं: तक्रार, केलेले उपाय, निष्पत्ती. वेळ उलटली की पडद्यावरचं घड्याळ लाल होतं आणि टीम लीडरला नेमकं आपल्याच खुर्चीमागून जायचं काम निघतं.

पंचाईत अशी की रकाने तक्रारीसाठी असतात आणि लोक हकीकत सांगतात. ठाण्याच्या एका काकूंचा संध्याकाळी फोन आला तेव्हा नियमाप्रमाणे मी "बोला मॅडम" म्हणालो.

"मॅडम काय रे? काकू म्हण. नेट गेलंय. रोज जातं. बरोबर ह्यांच्या बातम्यांच्या वेळेला. नातू बंगळुरूला असतो, त्याचा व्हिडिओ कॉल येतो, तर परवा त्याचा घास तोंडापाशीच अडकून राहिला. मला वाटलं ठसका लागला! आणि डास म्हणजे असे झालेत यंदा, नाल्याचं काम अर्धवट टाकून गेलेत ना, दिवेलागणीला सगळ्या खिडक्या लावून बसावं लागतं. आणि तुमची मुलं उलटा फोन कधी करतात? सकाळी दहाला! सकाळी नेट असतंच की!"

मी जुन्या नोटा उघडल्या. प्रत्येकीत तोच मजकूर: "ग्राहकाचं नेट बंद. राउटर रिस्टार्ट करून घेतला. नेट चालू. तिकीट बंद." यातला शब्दन् शब्द खरा होता. सकाळी फोन केला, डबा बंद करून चालू करायला सांगितला, नेट चालू होतं. फक्त ते रिस्टार्टच्या आधीही चालूच होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. कोंबड्याने बांग दिल्यावर उजाडलं, तर श्रेय कोंबड्याला, असा तो हिशेब. म्हणून उपायांच्या रकान्यात नुसतं काय केलं ते लिहून भागत नाही. करण्याआधी काय दिसत होतं आणि केल्यावर काय दिसलं, ही जोडी लिहावी लागते.

"काकू, भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय?"

"लुकलुकतोय. खाली इंग्रजीत काहीतरी आहे. एल-ओ-एस."

हा दिवा लागला म्हणजे काचेच्या तारेतून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाहीये. वायफाय, टीव्ही, नातवाचा फोन सगळे निर्दोष. मी आमच्याकडच्या यंत्रातली नोंद पाहिली. जोडणी रोज सातच्या सुमाराला तुटत होती आणि सकाळी साडेसहाच्या सुमाराला परत येत होती. कारणाच्या जागी दर वेळी एलओएस. घरातली वीज गेली किंवा कुणी प्लग काढला, तर असा डबा विझता विझता एक निरोप पाठवतो. त्याला डाईंग गॅस्प म्हणतात. तो निरोप इथे एकदाही आलेला नव्हता. म्हणजे वीज आणि अडॅप्टरही सुटले.

उरली तार. पण तुटलेली तार सकाळी साडेसहाला आपोआप सांधत नाही.

"काकू, तुम्ही खिडक्यांचं काय म्हणालात?"

"डासांचं म्हणाले मी."

"हो, पण नेटची बारीक वायर घरात कुठून येते?"

"हॉलच्या सरकत्या खिडकीतून. भिंतीला भोक पाडायचं नाही म्हणाले हे, नवीन रंग दिलाय."

खिडकी उघडायला लावली. मिनिटभरात लाल दिवा गेला, पॉनचा हिरवा आधी लुकलुकला, मग स्थिर झाला. माझ्या पडद्यावर प्रकाशाची पातळी उणे १९ डीबीएम आली. उणे २७ च्या पलीकडे गेलं की आम्हाला काळजी लागते, त्यामुळे हा आकडा ठणठणीत. खिडकी पुन्हा लावायला सांगितली. लाल. उघडली. हिरवा. सरकत्या तावदानाखाली तार इतकी मुडपत होती की आतला प्रकाश वळणावरच बाहेर सांडत होता. काच तुटलेली नव्हती, म्हणून दाब सुटला की सगळं आलबेल. दिवसा येऊन पातळी मोजणाऱ्या कुठल्याही लाईनमनला उणे १९ च दिसलं असतं आणि तोही "सिग्नल ओके" लिहून गेला असता.

काकूंनी फोन ठेवला आणि माझं घड्याळ सुरू झालं.

काय गाळायचं? नातू गाळला, घासासकट. बातम्या गाळल्या. "सारखं जातं", "फार त्रास होतो" ही वाक्यं गाळून त्यांच्या जागी वेळा लिहिल्या, कारण नोट वाचणारा लाईनमन स्कूटर बाजूला घेऊन, मोबाईलवर, पहिल्या दोन ओळींपुरतीच वाचतो. नाल्याचं अर्धवट काम जड मनाने सोडलं. ते तिकीट दुसऱ्या खात्याचं.

अडलो ते डासांपाशी. आमच्या गुणवत्ता तपासणीत असंबद्ध मजकुराला गुण कापतात, आणि ब्रॉडबँडच्या नोटेत डासांइतकं असंबद्ध दुसरं काय असणार? पण डास काढले की नोट वाचणारा शहाणा काय म्हणेल ते मला दिसत होतं: "मग खिडकी उघडी ठेवा." तिकीट बंद. आणि दुसऱ्या दिवशी सातला काकूंचा फोन. डासांमुळेच खिडकी उघडी ठेवणं हा टिकणारा उपाय नव्हता. डास ठेवले.

तक्रार: रोज सायं. ७ ते सकाळी ६.३० च्या सुमारास नेट पूर्ण बंद, सर्व उपकरणांवर. एलओएस लाल. दिवसा सुरळीत.

केलेले उपाय: नोंद तपासली, दर वेळी एलओएस, डाईंग गॅस्प नाही. वायर हॉलच्या सरकत्या खिडकीतून येते. ग्राहकाने खिडकी उघडली: हिरवा, उणे १९ डीबीएम. लावली: लाल. उघडली: पुन्हा हिरवा. रिस्टार्ट केला नाही, गरज नव्हती.

निष्पत्ती: तात्पुरती. खिडकी दोन बोटं उघडी ठेवायला सांगितलं; डासांमुळे रोज शक्य नाही. वायर दुसरीकडून आत घ्यावी. भोक पाडण्यास ग्राहकाच्या यजमानांची हरकत. भेट सायं. ६ नंतर द्यावी, चाचणी खिडकी लावून घ्यावी. तिकीट बंद करू नये.

तपासणीत "डास" आणि "यजमान" या दोन शब्दांखाली लाल रेघ आली. शेरा: "ग्राहकाच्या खाजगी बाबी टाळाव्यात."

लाईनमनने मात्र नोट शेवटच्या ओळीपर्यंत वाचली असावी. त्याने काम संपवून टाकलेली ओळ मी नवीन मुलांना अजूनही दाखवतो, कारण तीत कारण, उपाय, चाचणी सगळं आहे आणि वेळेचा हिशेबही चोख आहे: "वायर एसीच्या पाइपच्या जुन्या भोकातून घेतली. खिडकी लावून तपासलं, हिरवा. प्रत्यक्ष काम १५ मिनिटं. काकांशी चर्चा ५० मिनिटं."