बिनमानेचे टॉप

ऑनलाइन दुकानात टॉप छाती पुढे काढून उभे असतात आणि आत कोणीच नसतं, तरी आपण घाबरत नाही, उलट किंमत बघतो. माझी भाची रेवदंड्यात बसून अशी भुतं तयार करते. अलिबागच्या एका शिंपिणीचे खणाचे टॉप तिच्याकडे येतात, साधा गोल गळा, काठाची पट्टी लावलेला.

हँगरवर फोटो काढला तर खांद्यांना दोन शिंगं येतात आणि छाती सपाट दिसते. म्हणून पुतळा. मग पुतळ्याची मान पुसली की झालं, असं लांबून वाटतं. पण मान पुसली की तिथे पांढरं भोक उरतं, कारण मानेमागचा कपडा कॅमेऱ्याने पाहिलेलाच नसतो. तो वेगळा दाखवावा लागतो. टॉप पुतळ्यावरून काढून आत पुठ्ठा घालायचा, पुढचा गळा खाली ओढून टाचायचा, की मागच्या गळ्याची आतली बाजू दिसते, लेबलासकट. कॅमेऱ्याचा स्टँड मात्र जागचा हलवायचा नाही, दिवाही नाही.

हे सगळं ती सकाळीच उरकते. दुपारी खारा वारा सुटला की दारं आपटतात, बाही हलते, आणि दोन्ही फोटोंतले खांदे एकमेकांना ओळखेनासे होतात.

पुढचं काम संगणकावर. पहिल्या फोटोतला टॉप पेन टूलने कडेकडेने कापायचा आणि दुसऱ्यातला गळा त्याच्याखालच्या लेयरवर सरकवायचा. खांद्याच्या शिवणी दोन्ही बाजूंना जुळल्या पाहिजेत. मागचा गळा जरा जास्त वर राहिला, तर कपडा पाठीला कुबड असलेल्या माणसाचा वाटतो. खाली गेला, तर गळ्याला मागची बाजूच नाही असं दिसतं. शेवटी पुढच्या कडेखाली, आतल्या कापडावर, मऊ ब्रशने अगदी फिकी सावली. ही सावली राहून गेली की टॉप कागदातून कापल्यासारखा चपटा दिसतो. गडद झाली की गळ्याला मळ चढल्यासारखं दिसतं. बाह्यांच्या तोंडाशीही हाच खेळ, फक्त तिकडे कोणी फारसं पाहत नाही, असा तिचा अनुभव आहे. माझ्या मते गिऱ्हाइकं तिथेच पाहतात.

मध्यंतरी तिच्याकडे कोळणींच्या लुगड्यांचं काम आलं. फोटो तसेच हवेत, आत बाई नको, असा हट्ट. शिवलेल्या कपड्याला शिवणींचा आकार असतो, म्हणून पुतळा काढून घेतला तरी तो उभा राहतो. लुगड्याला आकार येतो तो कमरेवरच्या घट्ट खोचणीतून आणि पायांमधून मागे नेलेल्या कासोट्यातून. पुतळा पुसल्यावर खोचलंय कशात, हे विचारणारा डोळा प्रत्येक गिऱ्हाइकाकडे असतोच.

"मामा, पैसे बरे देत होते," ती म्हणाली, "पण मी सांगितलं, याला बाईच लागते. आणि नेसायला येणारी लागते."

शेवटी लुगडी घडी घालूनच फोटोत गेली.